स्लॅब टाकायच्या आधी लिहायचा कागद : मेथड स्टेटमेंट सोप्या भाषेत

स्लॅबच्या दिवशी सकाळी साइटवर गेलात तर नारळ फुटलेला असतो, पंपाचा पाइप वर चढलेला असतो, वीसेक माणसं गमबूट घालून तयार असतात आणि रस्त्यावर पहिली गाडी ड्रम फिरवत उभी असते. अशा वेळी कुणी म्हणालं, "बाल्कनीच्या सळ्या एकदा बघून घेऊ," तर त्याचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. गाडीतल्या मालाचं घड्याळ सुरू झालेलं असतं, पंपाचं भाडं चालू असतं. म्हणून जे बघायचं ते आधीच बघून झालेलं असलं पाहिजे. काय बघायचं, कुणी बघायचं आणि काय दिसलं तर गाडी मागवायचीच नाही, हे आधी लिहिलेलं असलं पाहिजे. त्या लिहिलेल्या कागदाला मेथड स्टेटमेंट म्हणतात.

मोठ्या साइटवर आणि सरकारी कामात हा कागद मागितलाच जातो. बरेचदा तो मागच्या कामाचा असतो, फक्त वरचं नाव बदललेलं असतं. घरगुती बांधकामात तो नसतोच. सगळं मुकादमाच्या डोक्यात असतं. मला वाटतं, दोन मजली घरालासुद्धा तो हवा, आणि हातानं लिहिलेली दोन पानं पुरतात. कामाचा क्रम, लागणारं सामान, प्रत्येक टप्प्यावरची तपासणी आणि माणसांची सुरक्षा एवढं त्यात यायला हवं. सगळ्यात महत्त्वाच्या असतात त्यातल्या "इथं थांबायचं" अशा जागा. तिथं ठरलेल्या माणसानं डोळ्यांनी बघून सही केल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही.

एक उदाहरण घेऊन हे बघू. नाशिकच्या बाहेर एक घर बांधायचं आहे, तळमजला आणि वर एक मजला. आपल्याला तळमजल्यावरचा स्लॅब टाकायचा आहे. तो १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि १२५ मिलीमीटर जाड आहे. बीम २३० रुंद आणि ४५० खोल, एकूण लांबी साधारण ६० मीटर. पुढच्या बाजूला ४ मीटर लांबीची बाल्कनी आहे. ती १.२ मीटर बाहेर आलेली आणि १५० मिलीमीटर जाड आहे. काँक्रीट एम २५, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलीमीटरला २५ न्यूटन दाब पेलणारं, प्लँटवरून येणारं. महिना एप्रिल.

किती माल आणि किती वजन

आधी हिशोब करू. स्लॅबचं काँक्रीट १२ × ९ × ०.१२५ म्हणजे १३.५ घनमीटर. बीमची वरची १२५ मिलीमीटर खोली स्लॅबमध्ये धरली गेली आहे, म्हणून खालची ३२५ मिलीमीटरच मोजायची : ६० × ०.२३ × ०.३२५, म्हणजे साधारण ४.५. बाल्कनीचं ०.७. एकूण १८.७ घनमीटर. पाइपमध्ये अडकणारा आणि सांडणारा माल धरला तर १९ च्या थोडं वर जातं.

गाडी ६ घनमीटरची असेल तर तीन पूर्ण गाड्या आणि चौथी थोडीशी. चौथ्या गाडीचा आकडा मात्र आदल्या दिवशी देऊ नये. तिसरी गाडी अर्धी रिकामी झाली की उरलेली जागा टेपनं मोजायची आणि मग प्लँटला फोन करायचा. अंदाजानं सांगितलं तर माल उरून रस्त्याकडेला ओतावा लागतो, नाहीतर कोपऱ्यातला दोन मीटरचा तुकडा राहतो. तो तुकडा भरायला मग हातानं कालवलेला माल वापरला जातो. स्लॅबमधला सगळ्यात कच्चा भाग तोच होतो.

आता वजन. सळ्यांसह काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन भरतं. म्हणजे सकाळी सातपासून जेवणाच्या वेळेपर्यंत आपण सेंटरिंगवर, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या प्लेटा आणि त्यांच्या टेकूंवर, सुमारे ४७ टन चढवणार आहोत. त्या वेळी काँक्रीटला स्वतःची काहीही ताकद नसते. ४७ टनांचं सगळं ओझं टेकूंवर असतं.

पहिला थांबा : सेंटरिंग

स्लॅब कोसळल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा बरेचदा दोष काँक्रीटमध्ये नसतो, खालच्या टेकूमध्ये असतो. तेही काँक्रीट ओतलं जात असताना किंवा टेकू लवकर काढल्यामुळे. म्हणून पहिला थांबा इथं.

एका टेकूवर किती भार येतो ते बघा. १२५ मिलीमीटर स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. त्यात प्लेटा, चालणारी माणसं, पाइपाचे धक्के आणि व्हायब्रेटर धरले की आकडा ६०० किलोच्या आसपास जातो. टेकू मीटरभर अंतरावर असतील तर प्रत्येकावर साधारण तेवढा भार. बीमखाली त्याहून जास्त. लोखंडी प्रॉपला हे जड नाही. प्रश्न असतो तो प्रॉपच्या पायाखालच्या जमिनीचा.

तळमजल्यात जोत्याच्या आत मुरूम भरलेला असतो. प्रॉपची तळपट्टी जेमतेम १५ बाय १५ सेंटीमीटरची. ६०० किलो एवढ्याशा जागेवर टेकले म्हणजे चौरस मीटरला २६ टनांहून जास्त दाब झाला. सैल भरावाला, त्यातून पाणी मुरलेल्या भरावाला, तो पेलत नाही. त्याच प्रॉपखाली २३ सेंटीमीटर रुंदीची जाड फळी टाकली आणि प्रत्येक प्रॉपच्या वाट्याला मीटरभर फळी आली, तर तोच दाब अडीच टनांच्या जवळ येतो. भार तेवढाच राहतो, टेकायला जागा दहापट मिळते. म्हणून कागदात एक ओळ ठळक लिहायची : "प्रत्येक प्रॉपखाली फळी. वीट, फरशीचा तुकडा, दगड चालणार नाही." विटेवर उभा केलेला प्रॉप मी दिसला की काढायलाच लावतो, कारण वीट अचानक चिरते आणि आजूबाजूच्या प्रॉपला सावरायला वेळ मिळत नाही.

बाकी तपासणी सरळ आहे. टेकू ओळंब्यात हवेत, तिरके नकोत. उंच असतील तर मध्ये आडवे-तिरके बांध हवेत, म्हणजे सगळं एका बाजूला झुकणार नाही. प्रॉपच्या पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला नको. प्लेटांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केलेल्या हव्यात, कारण फटीतून सिमेंटचा रस गळून गेला की मागं नुसती खडी उरते आणि प्लेटा काढल्यावर खालून मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. शटरिंगचं तेल सळ्या टाकायच्या आधी मारायचं. सळईला तेल लागलं की काँक्रीट तिला नीट धरत नाही.

दुसरा थांबा : सळ्या, आणि त्यातली बाल्कनी

सळ्यांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण मी एकाच गोष्टीवर थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होताना मी बघितलं आहे.

काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला दुबळं असतं, म्हणून जिथं ताण येतो तिथं सळई घालतात. खोलीवरचा स्लॅब मधोमध खाली वाकतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. बाल्कनीचं उलटं असतं. ती एका बाजूनं घराला धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी. टोक खाली झुकायला बघतं तेव्हा ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून बाल्कनीची मुख्य सळई वर असते आणि ती आतल्या स्लॅबमध्ये लांबवर नेऊन अडकवलेली असते.

वर असलेली सळई हीच सगळ्यांच्या पायाखाली येते. फिटर तिच्यावरून चालतो, वायरमन पाइप टाकताना तिच्यावर उभा राहतो, आणि स्लॅबच्या दिवशी पंपाचा पाइप ओढणारे चारजण तिच्यावरूनच जातात. सळई खाली बसते आणि वरून माल पडला की कुणाला काही दिसत नाही.

यानं काय होतं ते आकड्यांत बघू. बाल्कनी १५० मिलीमीटर जाड, सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, ३० आणि सळई १० मिलीमीटरची. खालच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर १५० वजा ३० वजा ५, म्हणजे ११५ मिलीमीटर. या अंतरावरच बाल्कनीची ताकद ठरते. सळई पायाखाली ४० मिलीमीटर दबली तर अंतर ७५ उरतं. सळई तेवढीच, काँक्रीट तेवढंच, पण ताकद साधारण एक तृतीयांशानं गेली. आणि ती गेली आहे हे बाहेरून कळत नाही. कळतं ते टेकू काढल्यावर, जेव्हा बाल्कनी जिथं घराला चिकटते तिथं वरच्या बाजूला लांबच लांब भेग उमटते.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी अशी एक भेग माझ्या साइटवर आली. भेग भिंतीला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोडून बघितलं तर वरची सळई जाडीच्या मध्यावर सापडली. वरची सळई उचलून धरणाऱ्या खुर्च्या ड्रॉइंगमध्ये होत्या, साइटवर नव्हत्या, आणि आदल्या संध्याकाळी मी खालून टेकू मोजले होते पण वर चढून त्या सळईला हात लावला नव्हता. बाल्कनी पूर्ण तोडून पुन्हा टाकली. तेव्हापासून माझ्या कागदात बाल्कनीची वेगळी ओळ असते.

ती ओळ अशी : वरच्या सळईखाली साधारण मीटरमीटरवर सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या, बाल्कनीत त्याहून जवळ. सळईवरून चालायचं नाही. चालायला फळ्यांचा रस्ता, आणि फळ्या सळईवर न टेकता स्वतंत्र ठोकळ्यांवर. बाल्कनी भरायच्या आधीच्या पाच मिनिटांत एकजण वाकून प्रत्येक सळईची उंची बघेल आणि "आता टाका" म्हणेल. त्या माणसाचं नाव कागदावर असतं. "इंजिनिअर बघतील" असं लिहिलेलं चालत नाही, कारण नेमकं त्या वेळी इंजिनिअर खाली गाडीजवळ असतात.

कव्हरबद्दलही थोडं. खालच्या सळईला प्लेटेपासून वर धरायला कव्हर ब्लॉक लागतात, स्लॅबला बहुधा २० मिलीमीटरचे. ते निदान आठवडाभर आधी चांगल्या सिमेंट-वाळूत पाडून पाण्यात ठेवलेले असावेत, किंवा तयार विकत आणावेत. सळईखाली खडीचा तुकडा सारणं ही आपल्याकडची जुनी सवय. खडी घरंगळते, सळई प्लेटेला टेकते, आणि काही पावसाळ्यांनंतर छताचे पापुद्रे पडायला लागतात. त्या छताखाली लोक बादली ठेवतात आणि वरच्या गच्चीला दोष देतात.

विजेचे पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून जावेत. खालच्या सळईखालून जाऊ नयेत आणि पाच-सहा पाइपांची एकाच जागी जुडी होऊ नये. जुडीच्या जागी काँक्रीट उरतच नाही. सळ्यांचा व्यास, अंतर आणि जोडाची लांबी ड्रॉइंग हातात धरून मोजायची. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरनं किंवा त्याच्या माणसानं आदल्या दिवशी दुपारी करावं, म्हणजे चूक निघाली तर दुरुस्तीला संध्याकाळ मिळते.

तिसरा थांबा : गाडीतून माल उतरवायच्या आधी

गाडी आली की पहिल्यांदा चलन बघायचं. एम २५ आहे ना, प्लँटवरून निघाल्याची वेळ काय. माल भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत तो जागेवर पडला पाहिजे, असा तयार काँक्रीटचा नियम आहे. माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून औषध घातलेलं असेल तर प्लँट वेगळी वेळ लिहून देतो. एप्रिलच्या उन्हात दोन तासांची वाट बघू नये. म्हणून सातला सुरुवात, आणि गाड्यांमध्ये चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं अंतर.

मग स्लंप. तीस सेंटीमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत माल भरायचा, शंकू सरळ उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. पंपातून जाणाऱ्या मालाला साधारण १०० ते १५० मिलीमीटर मागितलेलं असतं. नेमका आकडा ऑर्डरमध्ये आधीच ठरवून घ्यायचा.

इथं तो वाद होतो, जो प्रत्येक साइटवर होतो. स्लंप कमी निघतो, पंपवाला म्हणतो माल घट्ट आहे, आणि ड्रायव्हर पाण्याच्या नळीकडे हात नेतो. "थोडं पाणी मारू का, साहेब?" याला नाही का म्हणायचं, ते हिशोबानं बघू. ६ घनमीटरच्या गाडीत, घनमीटरला ३८० किलो धरले तर २,२८० किलो सिमेंट आहे. पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या ०.४५ पट असेल तर सुमारे १,०२५ लिटर पाणी आहे. नळी दोन-तीन मिनिटं सोडली आणि ११५ लिटर पाणी आत गेलं, तर प्रमाण ०.५० होतं. एवढ्यानं अंदाजे चार-पाच न्यूटनची ताकद जाते. म्हणजे एम २५ म्हणून विकत घेतलेला माल एम २० च्या दिशेनं सरकला. सिमेंटचे पैसे दिलेले असतात आणि ताकद फुकट घालवलेली असते.

उपाय आहे. प्लँटच्या माणसानं पातळ करणारं औषध मोजून घालायचं, ड्रम काही मिनिटं जोरात फिरवायचा आणि स्लंप पुन्हा मोजायचा. तरी बसला नाही तर गाडी परत. "गाडी परत पाठवायचा अधिकार कुणाचा" हे कागदात नावासकट लिहून ठेवा. ते आधी ठरलेलं नसेल तर त्या क्षणी कुणीही गाडी परत पाठवत नाही.

ताकद तपासायला गाडीतल्या मालाचे ठोकळे, म्हणजे क्यूबही भरायचे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे १६ ते ३० घनमीटरच्या कामाला तीन नमुने लागतात. एका नमुन्याचे तीन क्यूब, १५० मिलीमीटरचे, २८ दिवसांनी फोडायचे. ७ दिवसांचा अंदाज हवा असेल तर आणखी तीन जास्त भरा. क्यूब भरताना निवडून चांगला माल घेऊ नका. वेगवेगळ्या गाड्यांतून, गाडीच्या मधल्या भागातला घ्या, क्यूबवर तारीख आणि गाडीचा नंबर लिहा. पुढं एखाद्या गाडीचा क्यूब कमी भरला तर ती गाडी स्लॅबच्या कोणत्या भागात पडली हे सांगता आलं पाहिजे. म्हणून ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर पेन्सिलनं प्रत्येक गाडीचा भाग रंगवत जायचं. याला दोन मिनिटं लागतात आणि वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

ओतायचा क्रम

पंप ज्या बाजूला उभा आहे तिच्यापासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि मागं मागं यायचं, म्हणजे ताज्या मालात पाय पडत नाहीत. आपल्या घरात ९ मीटरच्या बाजूला समांतर, दीड मीटर रुंदीचे पट्टे धरायचे. प्रत्येक पट्ट्यात आधी बीम भरायचा, व्हायब्रेट करायचा आणि लगेच वरचा स्लॅब. एका पट्ट्याला बीम धरून सव्वादोन घनमीटर माल लागतो, म्हणजे एका गाडीत अडीच पट्टे होतात. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याला भेटतो तेव्हा आधीचा माल जिवंत असायला हवा.

जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? व्हायब्रेटरची नीडल जुन्या मालावर उभी धरून चालू करा. स्वतःच्या वजनानं आत गेली आणि सावकाश बाहेर काढल्यावर भोक आपोआप बुजलं, तर नवा माल त्याच्याशी एकजीव होईल. नीडल आत जात नसेल, किंवा भोक तसंच उघडं राहत असेल, तर तिथं आता सांधा तयार झाला आहे. वरून माल ओतून तो लपवता येतो, पण पुढच्या पावसात ओल त्याच रेषेतून उतरते.

समजा दुसरी गाडी घाटात अडकली, दोन तास येत नाही. मग मनानं कुठंही थांबायचं नाही. कुठं थांबायचं हे आधीच ड्रॉइंगवर खूण करून ठेवलेलं असतं : साधारण स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या भागात, बीमच्या तोंडाशी नाही, कारण आधाराजवळ स्लॅबला कापू बघणारा जोर, म्हणजे कातर बल, जास्त असतं. तिथं उभी फळी लावून माल सरळ कापायचा. उताराची शेपटी सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी तो काठ खरवडून, धुऊन, ओला करून मग पुढचा माल.

माल एका जागी ढीग करून मग फावड्यानं पसरायची सवय मोडा. ६० सेंटीमीटरचा ढीग म्हणजे त्या चौरस मीटरवर दीड टन. प्रॉप ज्या भारासाठी लावला त्याच्या अडीचपट. पाइपाचं तोंड सतत हलवत राहायचं, आणि माल दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडायचा नाही, नाहीतर खडी वेगळी होऊन तळाशी बसते.

नीडल उभी घालायची, एका जागी पाच ते पंधरा सेकंद, बुडबुडे थांबून वर चकाकी आली की हळू काढायची. नीडलनं माल ढकलायचा नाही. कॉलमवरच्या बीमच्या जोडात, जिथं सळ्यांची गर्दी असते, तिथं जास्त वेळ द्या. जाळी सापडते ती बहुधा तिथंच.

जाडी मोजायला माझ्याकडे एक साधी सोय असते. ८ मिलीमीटरच्या सळईचा वीतभर तुकडा, टोकापासून १२५ मिलीमीटरवर वायरमनची लाल टेप गुंडाळलेली. पाटा फिरवणाऱ्याच्या मागून जायचं आणि दर दोन मीटरला तो खुपसून बघायचा. टेप बुडाली तर जाडी जास्त, टेपखालची सळई उघडी राहिली तर कमी. कॉलमच्या सळ्यांवर लेव्हलच्या खुणा आणि त्यांना ताणलेली दोरी असते, पण दोरीला दुपारपर्यंत कुणीतरी अडखळलेलंच असतं.

वर आणि खाली असलेली माणसं

माल पडत असताना सेंटरिंगखाली एकच माणूस असतो, सेंटरिंगवाला मिस्त्री. हातात बॅटरी आणि गळ्यात शिट्टी. तो सतत फिरत प्रॉप बघतो : फळी दबते आहे का, पाचर सैल झाली आहे का, कुठून रस गळतो आहे का. त्यानं शिट्टी वाजवली की पंप बंद, प्रश्न नंतर. त्याच्याशिवाय खाली कुणीही थांबायचं नाही. जेवणाचे डबे आणि सावलीला झोपवलेलं बिगारी बाईचं मूलही तिथं नको. हे शेवटचं मुद्दाम लिहितो आहे, कारण एप्रिलमध्ये साइटवर सावलीची जागा तेवढीच असते. म्हणून आदल्या दिवशी बाहेर ताडपत्रीचा मांडव आणि पाण्याचा माठ, हे सामानाच्या यादीत लिहा.

पंपाचा पाइप तुंबला तर घाईत क्लॅम्प उघडायचा नाही. आत दाब असतो. पंप उलटा फिरवून तो आधी सोडवावा लागतो. तुंबलेला माल सुटताना पाइपाचं शेवटचं टोक झटका देतं, म्हणून त्या वेळी सगळ्यांनी लांब. व्हायब्रेटर विजेवरचा असेल तर वायरीला जोड नको आणि बोर्डवर गळती झाल्यावर वीज तोडणारं यंत्र हवं, ते बटण दाबून तपासलेलं. बूम पंप असेल तर आधी वर बघा : विजेची तार कुठून जाते. स्लॅबच्या कडेला आणि जिन्याच्या पोकळीला कठडा.

ओलं सिमेंट कातडी भाजतं. गमबुटात माल शिरला आणि दिवसभर तसाच राहिला तर संध्याकाळी पाय सोलून निघतो. बूट काढून पाय धुवायला साधं पाणी वर ठेवायचं.

ओतल्यानंतरचे दिवस

पाटा आणि रंधा फिरवून झाला की काम संपलं असं वाटतं. नाशिकच्या कोरड्या उन्हात आणि वाऱ्यात पहिल्या दोन-तीन तासांत वरचं पाणी उडतं आणि केसासारख्या भेगा येतात. त्या दिसल्या की माल ओला असतानाच रंध्यानं पुन्हा दाबून बुजवायच्या आणि वर प्लास्टिक किंवा ओलं गोणपाट. वर कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत करू नका. तो थर पुढं सुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधून पाच सेंटीमीटर पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, फ्लाय ॲश असलेल्या सिमेंटला किंवा अशा कोरड्या हवेत निदान १० दिवस. बीमच्या बाजू उघड्या झाल्या की त्यांनाही ओलं गोणपाट. त्यांना सगळे विसरतात.

टेकू कधी काढायचे याला आयएस ४५६ मध्ये आकडे आहेत, साध्या सिमेंटसाठी आणि १५ अंशांच्या वरच्या हवेसाठी. साडेचार मीटरपर्यंत स्पॅन असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. सहा मीटरपर्यंत स्पॅन असलेल्या बीमचे १४ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे २१ दिवसांनी. फ्लाय ॲश असेल तर त्यात दिवस वाढतात, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यायचे. पुढच्या स्लॅबचं सेंटरिंग याच स्लॅबवर उभं राहणार असेल तर तोवर खालचे टेकू काढायचे नाहीत.

काढायचा क्रमही कागदात हवा. खोलीच्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून भिंतींकडे, म्हणजे स्लॅब हळूहळू आपल्या नेहमीच्या वाकण्यावर येतो. बाल्कनीचे उलट : मोकळ्या टोकापासून सुरू करून घराकडे. घराजवळचे टेकू आधी काढले आणि टोकाचे राहिले, तर बाल्कनी टोकावर टेकते आणि ताण खालच्या बाजूला येतो, जिथं मुख्य सळईच नाही. टोकाचा टेकू सैल करताना एकानं वर भिंतीजवळ बसून काँक्रीटवर नजर ठेवायची. तिथं केसाएवढी जरी रेघ उमटताना दिसली तरी सैल केलेला टेकू पुन्हा आवळायचा, बाकीचे तसेच ठेवायचे आणि इंजिनिअरला बोलवायचं.